योहान २१ मधला ‘अगापाओ’ आणि ‘फिलेओ’: उपदेशाची तयारी करताना या चुका टाळा

म्हापशातल्या मराठी उपासनेत मी एकदा मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते, “मूळ ग्रीकमध्ये येशू पेत्राला ‘माझ्यावर प्रीती करतोस काय’ हे दोनदा ‘अगापाओ’ने विचारतो, म्हणजे दैवी, निःस्वार्थ प्रीती. पेत्र उत्तर देतो ‘फिलेओ’ने, म्हणजे नुसती मैत्री. तिसऱ्यांदा येशू स्वतःच खाली उतरून ‘फिलेओ’ म्हणतो.” लोकांनी माना डोलावल्या. उपासना संपल्यावर एक काका हळूच म्हणाले, “पाळकसाहेब, मग ५:२० मध्ये बाप पुत्रावर नुसती मैत्रीच करतो का?”

तिथे क्रियापद ‘फिलेओ’ आहे. मी पाहिलेच नव्हते.

चूक कुठून सुरू झाली ते आता स्पष्ट दिसते. मोबाइलवर शब्दाला बोट लावले, स्ट्राँगचा क्रमांक आला, खाली दोन ओळींचा अर्थ आला, आणि मी तेवढ्यावर थांबलो. स्ट्राँग ही मुळात शब्दसूची आहे. तिच्या शेवटी जोडलेला छोटा कोश शब्दाचे सगळे संभाव्य अर्थ एका ओळीत देतो. तुमच्या वचनात त्यातला कुठला बसतो, हे तो सांगत नाही. ते सगळे अर्थ एका जागी ओतले तर काय होते पाहा: मत्तय २६:४८ मध्ये यहूदा ‘फिलेओ’ म्हणतो तेव्हा अर्थ ‘चुंबन घेणे’ आहे. म्हणून पेत्र समुद्रकाठी ‘मी तुझे चुंबन घेतो’ म्हणाला, असे कोणी म्हणणार नाही. पण ‘नुसती मैत्री’ म्हणताना आपण तशीच निवड करतो, फक्त आपल्याला सोयीची.

कोशाच्या आधी त्याच पुस्तकातले सगळे वापर काढायचे. मी वहीत दोन रकाने आखले. योहान ३:३५, बाप पुत्रावर प्रीती करतो, तिथे ‘अगापाओ’. ५:२० मध्ये तीच गोष्ट ‘फिलेओ’ने. लाजराबद्दल ११:३ मध्ये ‘फिलेओ’, दोनच ओळींनंतर ११:५ मध्ये ‘अगापाओ’. ज्या शिष्यावर येशूची प्रीती होती, त्याच्यासाठी १३:२३ मध्ये ‘अगापाओ’, २०:२ मध्ये ‘फिलेओ’. आणि ३:१९ मध्ये माणसांनी प्रकाशापेक्षा अंधारावर जी प्रीती केली, तीही ‘अगापाओ’च. शब्द स्वतःहून दैवी असता तर तिथे आला नसता.

यानंतर मोठा कोश उघडला तर उपयोग होतो. त्यातल्या पोटअर्थांखाली वचनांचे संदर्भ असतात. आपले वचन कुठे टाकले आहे ते बघायचे, आणि तो संपादकाचा निर्णय आहे हे विसरायचे नाही.

आता पुन्हा २१:१५ ते १७. तिथे बाकीचे शब्दही बदलतात: आधी कोकरे, मग मेंढरे, आधी चारणे, मग पाळणे, पुन्हा चारणे, १७व्या वचनात ‘तुला ठाऊक आहे’ दोनदा येते, तेही दोन वेगळ्या क्रियापदांनी. प्रीतीच्या शब्दात गुपित शोधायचे आणि कोकरू-मेंढरूवर काही बोलायचे नाही, हे जमत नाही. योहानाला शब्द आलटूनपालटून वापरायची सवय आहे. फरक मानणारेही अभ्यासक आहेत, त्यामुळे ‘फरक अजिबात नाही’ असेही मी ठणकावून सांगत नाही. तुमच्या मराठी शास्त्रात ‘प्रीती’ आणि ‘प्रेम’ असे वेगळे शब्द दिसले, तर भाषांतरकाराने ग्रीकमधला बदल राखला एवढेच कळते. आपल्याकडे घरात आजी एका वाक्यात ‘माया’ म्हणते, दुसऱ्यात ‘जीव’. कमी-जास्त कोणी मोजत नाही. गोव्यात तर शेजारी कोंकणीत देवाचाही मोग म्हणतात आणि बायकोचाही.

पेत्र दुःखी का झाला, हे वचन १७ स्वतः सांगते: तिसऱ्यांदा विचारले म्हणून. पेत्राचे येशूला तीन नाकार, येशूचे तीन प्रश्न. माझ्या पहिल्या उपदेशात क्रियापदांच्या गडबडीत हेच हरवले होते.

(सामर्थ्यासाठीच्या ‘दुनामिस’ या ग्रीक शब्दावरून उपदेशात डायनामाइटचा स्फोट करणाऱ्यांसाठी एकच ओळ: डायनामाइट आले १८६७ साली.)

ग्रीक शब्दाचा खरा उपयोग मला त्याच अध्यायात सापडला. २१:९ मधल्या कोळशाच्या विस्तवासाठी ‘अन्थ्राकिया’ आहे. नव्या करारात हा शब्द आणखी एकदाच येतो, १८:१८ मध्ये, जिथे पेत्र शेकत उभा होता आणि मग त्याने येशूला नाकारले. योहानाने मुद्दाम जोडले असे तो म्हणत नाही, म्हणून मीही म्हणत नाही. “हाच शब्द तिथेही आहे” एवढेच सांगतो. बाकी शब्दाच्या व्युत्पत्तीत शिरायची गरज नाही. पहाटेची वाळू, कोळसे, वर भाजणारे मासे, हे आपल्या मंडळीला समजावून सांगावे लागत नाही.

वर्षभराने तोच भाग पुन्हा घेतला. ग्रीक शब्द एकच उच्चारला, तोही एकदाच. पुढच्या बाकावर काकांनी चष्मा वर करून १८:१८ उघडले आणि बोट तिथेच ठेवून बसले.