स्पीडोमीटर बंद, गिअरला दणके, इंजिनचा दिवा चालू: गिअरबॉक्स खोलण्याआधी या चुका टाळा

सायनला राहणारे एक काका सप्टेंबरात गाडी घेऊन आले. जुनी सेदान, चार गिअरची ऑटोमॅटिक. जुलैत गांधी मार्केटजवळच्या पाण्यातून एकदा काढली होती, त्यानंतर दीड महिना काहीच त्रास नव्हता. मग एके दिवशी काटा शून्यावर बसला, किलोमीटरही पुढे सरकेनात. दुसऱ्या दिवसापासून गिअर बदलताना मागून कुणी धक्का दिल्यासारखं व्हायला लागलं आणि इंजिनचा दिवा पेटला. एका गॅरेजने गिअरबॉक्स उतरवायला सांगितलं. दुसऱ्याने स्पीड सेन्सर बदलून दिला, पण फरक शून्य. "आता गिअरबॉक्सच गेलाय म्हणायचं का रे?" असं विचारत काका माझ्याकडे पोहोचले.

पहिली चूक इथेच होते. तीन तक्रारी दिसतात म्हणून माणूस तीन बिघाड धरून चालतो आणि त्यातल्या सगळ्यात महागड्या बिघाडापासून सुरुवात करतो. या प्रकारच्या गाडीत गिअरबॉक्सवर बसवलेला एक छोटा सेन्सर चाकांकडे जाणारा वेग मोजतो. तोच सिग्नल काट्याला, इंजिनच्या कॉम्प्युटरला आणि गिअरच्या कॉम्प्युटरला लागतो. वेग कळला नाही की गिअर कधी बदलायचा हे गिअरच्या कॉम्प्युटरला ठरवता येत नाही. मग तो क्लच घसरून जळू नयेत म्हणून तेलाचा दाब वाढवून ठेवतो, आणि आपल्याला जाणवतो तो दणका त्या दाबाचा. काही गाड्या अशा वेळी एकाच गिअरमध्ये अडकून राहतात, बहुधा तिसऱ्या. म्हणजे गिअरबॉक्स स्वतःला वाचवत असतो आणि आपण त्यालाच खोलायला निघतो.

खरोखर झिजलेल्या गिअरबॉक्समध्ये सहसा इंजिनचे आरपीएम चढतात पण गाडी ओढत नाही, तेल काळं पडून जळका वास येतो, आणि काटा मात्र व्यवस्थित चालतो. काटा आणि गिअर एकाच आठवड्यात बिघडले, तर आधी सिग्नल तपासा.

एक सूचना. काही गाड्यांमध्ये हा वेग एबीएसच्या चाकांवरच्या सेन्सरकडून येतो. इंजिनच्या दिव्यासोबत एबीएसचाही दिवा पेटला असेल, तर शोध चाकांकडून सुरू करा. पुढचं सगळं गिअरबॉक्सवर सेन्सर असलेल्या गाडीबद्दल आहे.

बॅटरी काढून दिवा विझवणे

काकांच्या शेजाऱ्याने हा उपाय केला होताच. दिवा विझला, दोन दिवस आनंद. कॉम्प्युटर काय बघतो, तर इंजिनवर भार आहे, आरपीएम आहेत, पण वेग शून्य आहे. असं काही वेळ दिसत राहिलं की तो चूक नोंदवतो. त्यामुळे दिवा लगेच येत नाही, थोडं चालवल्यावर परत येतो. यात नुकसान असं की चूक नोंदली गेली तेव्हाचा तपशील, म्हणजे आरपीएम, इंजिनचं तापमान वगैरे, बॅटरीसोबत पुसला जातो.

स्कॅनर लावल्यावर `P0500` दिसला. हा कोड म्हणजे 'सेन्सर बदला' असा हुकूम नव्हे. वेगाचा सिग्नल नीट येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग चालत्या गाडीत स्कॅनरवर वेगाचा आकडा बघायचा. आकडा बरोबर आणि काटा शून्यावर, तर संशय मीटरवर. दोन्ही शून्यावर, तर बहुतेक वेळा सेन्सर किंवा वायर. बहुतेक म्हणतोय, कारण काही गाड्यांत सिग्नल आधी मीटरमध्ये जातो आणि तिथून कॉम्प्युटरकडे. तिथे मीटर बिघडला तरी दोन्ही बंद पडतात. वायरिंगचा नकाशा बघायचा तो यासाठी. काकांच्या गाडीत सिग्नल थेट कॉम्प्युटरला जात होता आणि स्कॅनरवरही शून्यच होतं.

कनेक्टर काढून व्होल्ट मोजणे

माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. या सेन्सरला तीन वायर होत्या: सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. आधीच्या मेकॅनिकने कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला, 12.3 व्होल्ट मिळाले, वायर ठीक म्हणून सेन्सर बदलला. मीही तसंच मोजलं, मलाही 12.3 मिळाले. पण मल्टिमीटर जवळजवळ करंट घेतच नाही. गंजून एका धाग्यावर लटकलेली वायरही त्याला पूर्ण व्होल्ट दाखवते. सेन्सर जोडला की थोडा का होईना करंट वाहतो आणि मग त्या वायरची लायकी कळते.

म्हणून कनेक्टर जोडलेला ठेवला, मागच्या बाजूने बारीक पिना सरकवल्या आणि चावी चालू करून परत मोजलं. सप्लाय फक्त 3.1 व्होल्ट. अर्थची वायर आणि बॅटरीचा मायनस यांच्यात 0.1 पेक्षा कमी, म्हणजे अर्थ ठीक. दोष सप्लायच्या वायरमध्ये होता, त्यामुळे नवा सेन्सर लावूनही काही उपयोग झाला नव्हता.

कनेक्टरपासून चार बोटांवर वायरचं आवरण सोललं, तर आत तांब्याच्या जागी हिरवी भुकटी. पाणी आत शिरलं की तांबं सावकाश सडतं, म्हणून जुलैतलं पाणी सप्टेंबरात बोललं. हिरवा भाग संपेपर्यंत कापत गेलो, चकचकीत तांबं लागल्यावर नवा तुकडा डाग देऊन जोडला आणि वर आकसणारी नळी चढवली. नुसती चिकटपट्टी गुंडाळली असती, तर पुढच्या पावसात काका परत आले असते.

दोन्ही चाकं उचलून तपासणे

जोडल्यावर सिग्नल बघायला चाक फिरवावं लागतं. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत दोन्ही पुढची चाकं उचलून एक हाताने फिरवलं, तर दुसरं उलटं फिरतं, डिफरेन्शियलचा मुख्य भाग जागेवरच राहतो आणि सेन्सरला काही दिसत नाही. चांगला सेन्सर यात 'मेलेला' ठरतो. एकच पुढचं चाक उचला, खाली स्टँड द्या, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. चावी चालू, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला. पार्कमध्ये ते चाक फिरणारच नाही. फिरवायचं अगदी हळू, कारण मल्टिमीटर आळशी असतो. आमच्याकडे सिग्नलच्या वायरवर शून्याजवळून 5 व्होल्ट आणि परत शून्य, असा खेळ दिसला. काही गाड्यांत 5 च्या जागी 12 दिसतात. दोन वायरींचा चुंबकी सेन्सर असेल, तर ही चाचणी लागू पडत नाही.

कोड पुसला आणि ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला घाटकोपरपर्यंत जाऊन आलो. काटा उठला, चौथा गिअर कधी पडला ते कळलंही नाही. परत आल्यावर काकांच्या डिकीतला जुना सेन्सर काढून लावून बघितला. तोही ठणठणीत चालला.