सीडीएम म्हणजे रोकड भरायच्या मशीनमध्ये भरले 30,000, जमा 28,500?

कापसाच्या चुकाऱ्याच्या नोटा दमट, चिकटलेल्या असतात, मशीनमध्ये अडकतात. 500 च्या 60 नोटा टाकल्या आणि स्क्रीनवर 57 दिसल्या, तर खात्री करायचं बटण दाबूच नका. रद्द करा, परत आलेल्या नोटा तिथेच मोजा.

बटण दाबून झालं असेल तर पावती जपा. तिची शाई उडते, म्हणून लगेच फोटो काढा. मशीन ज्या शाखेचं, तिथं लेखी अर्ज द्या: मशीन क्रमांक, वेळ, व्यवहार क्रमांक, तुटीचे 1,500 रुपये. रोकड जुळवताना तेवढीच जादा निघाली की पैसे जमा होतात. तोंडी सांगून भागत नाही, तक्रार क्रमांक घ्याच. 30 दिवसांत निकाल नाही लागला, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा.