वर्गसंवादावरील शोधनिबंधाचा चिकित्सक सारांश लिहिताना या चुका टाळा

एम.एड.च्या सेमिनारसाठी क्रिस्टीन हाऊ, सारा हेनेसी, नील मर्सर आणि सहकाऱ्यांचा ‘जर्नल ऑफ द लर्निंग सायन्सेस’मधील २०१९चा शोधनिबंध अनेकदा निवडला जातो. इंग्लंडमधील ७२ प्राथमिक वर्ग, १० ते ११ वर्षांची मुले, प्रत्येक वर्गातील दोन तासिकांचे चित्रीकरण, म्हणजे एकूण १४४ तासिका, असा त्याचा आवाका आहे. त्यावरच्या सारांशात बहुधा पुढील वाक्य आढळते: ‘वर्गसंवादामुळे विद्यार्थ्यांची संपादणूक वाढते, असे या संशोधनाने सिद्ध केले.’

या एका वाक्यात तीन चुका आहेत. पहिली म्हणजे ‘संवाद’ हा शब्द फार सैल वापरला आहे. संशोधकांनी संवादातील निरनिराळ्या क्रियांना वेगवेगळे संकेत दिले होते. त्यांतील आधीच्या बोलण्यात भर घालणे आणि आधीच्या बोलण्याविषयी शंका किंवा असहमती मांडणे या दोनच क्रियांचा अभ्यासक्रमावरील प्रभुत्वाशी संबंध दिसला. दुसरी चूक अधिक गंभीर आहे, कारण तिच्यात अट गळून पडते: हा संबंध विद्यार्थ्यांचा सहभाग व्यापक होता तेव्हाच दिसला. शिक्षक विचारतो, एक मुलगी उत्तर देते, शिक्षक ‘बरोबर’ म्हणून पुढे सरकतो. अशा तासिकेचे समर्थन या निष्कर्षातून करता येत नाही. तिसरी चूक ‘मुळे’ आणि ‘सिद्ध केले’ या शब्दांत आहे. येथे कोणत्याही वर्गाला विशिष्ट पद्धतीने बोलायला लावलेले नव्हते. जे घडत होते तेच नोंदवले होते, म्हणून हाती येतो तो सहसंबंध.

दुरुस्त वाक्य असे होईल: ‘विद्यार्थ्यांचा सहभाग व्यापक असताना, आधीच्या बोलण्यात भर घालणे आणि त्याविषयी शंका मांडणे यांचा अभ्यासक्रमावरील प्रभुत्वाशी धन सहसंबंध आढळला.’ आपल्या मसुद्यातील निष्कर्षाची क्रियापदे अधोरेखित करून ती मूळ लेखातील क्रियापदांशी ताडून पाहिली, की अशी घसरण चटकन दिसते.

चिकित्सेच्या भागात ‘नमुना लहान आहे’ हे ठरीव वाक्य लिहू नये. चित्रीकरणावर आधारित अभ्यासासाठी ७२ वर्ग ही मोठी संख्या आहे. ‘मुळात हुशार असलेले वर्गच जास्त बोलत असतील’ हा आक्षेपही तसाच मांडता येत नाही, कारण पूर्वसंपादणूक, विद्यार्थ्यांची पार्श्वभूमी आणि अध्यापनाचा दर्जा यांचा विचार संशोधकांनी विश्लेषणात केलेला आहे. हे मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारावा: केवळ दोन तासिकांवरून त्या वर्गाची नेहमीची बोलण्याची रीत कितपत कळते? कॅमेरा असताना शिक्षक एरवीपेक्षा जास्त प्रश्न विचारत असेल, तर हा आक्षेप आणखी धारदार होतो. शिवाय संवादाचे मापन वर्गाच्या पातळीवर झाले आहे. त्यामुळे त्या वर्गात गप्प बसून ऐकणाऱ्या एखाद्या मुलाला किती लाभ झाला, हे या सहसंबंधावरून सांगता येत नाही. माझ्या मते या लेखावरील सर्वांत मोलाची चिकित्सा याच मुद्द्यापासून सुरू होते, आणि सारांशातील निम्मी जागा तिला द्यावी.