गणपतीच्या दिवसांत जैन मित्राला शुभेच्छा देताना या चुका टाळा

गणेश चतुर्थीच्या सकाळी बेळगाव-निपाणीकडच्या ग्रुपांवर गणपतीच्या फोटोंबरोबर 'मिच्छामि दुक्कडम्'चे फॉरवर्डही फिरायला लागतात. आपण ते चांगल्या मनाने जैन मित्राला पाठवतो. पण आपल्या भागात ते बऱ्याचदा भलत्याच दिवशी आणि भलत्याच घरी जाऊन पडतात.

'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून क्षमा मागायची रीत मुख्यतः जैनांतल्या श्वेतांबर पंथाची. त्यांचं पर्युषण पर्व आठ दिवसांचं, आणि त्याच्या शेवटच्या दिवशीची, क्षमा मागायची संवत्सरी गणेश चतुर्थीच्या आसपास येते. चिकोडी, निपाणी, सदलगा, बेळगाव या पट्ट्यातले इथलेच जैन मात्र बहुतांशी दिगंबर पंथाचे. दिगंबर मुनी आचार्य शांतिसागर याच भागातल्या भोजचे, आणि आचार्य विद्यासागर यांचा जन्म 1946 साली सदलग्यात झाला. दिगंबरांचं दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे श्वेतांबरांचं संपता संपता, सुरू होतं आणि अनंत चतुर्दशीपर्यंत चालतं. 2025 मध्ये चतुर्थी 27 ऑगस्टला होती, दशलक्षण 28 ऑगस्ट ते 6 सप्टेंबर. एकमेकांची क्षमा मागायची ती त्यानंतर, क्षमावाणीला, आणि तेव्हा म्हणतात 'उत्तम क्षमा'. चतुर्थीला आलेला क्षमेचा मेसेज वाचून निपाणीचा पाटील गालातल्या गालात हसणार, कारण त्याचं पर्व अजून उजाडलेलंच नसतं.

आडनावावरून अंदाज बांधायला जाऊ नका. पाटील मराठाही असतात, लिंगायतही आणि जैनही. शहा म्हटलं की श्वेतांबरच, असंही नाही. घरी कन्नड बोलतो की मराठी, यावरून तर काहीच कळत नाही. सरळ विचारावं, "तुमच्याकडे क्षमावाणी कधी?" या प्रश्नाने कुणी दुखावत नाही. त्याच्याशी रोज मराठीत बोलत असाल तर मेसेजही मराठीतच लिहा. फोनवर भाषांतर करून घेतलेलं अवघडलेलं कन्नड पाठवू नका.

खरी पंचाईत होते ती खाण्यात, कारण तेच दहा दिवस आपल्याकडे गणपतीचे. समजा, तुम्ही या पाटलाला संध्याकाळी साडेसातच्या आरतीला बोलावलंत. ऑगस्टअखेर बेळगावात पावणेसातच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि पर्व पाळणारा माणूस त्यानंतर काही खात नाही. तो येईल, आरतीला उभा राहील, मग तुम्ही ताट पुढे कराल आणि तो "नको, पोट भरलंय" म्हणेल. तुम्हाला वाटेल, लाजतोय. आग्रह वाढेल तसा तो जास्तच अवघडेल. त्यापेक्षा बोलावणं सकाळच्या आरतीचं द्यावं.

तीर्थाचंही बघा. पंचामृतात मध असतो, आणि मद्य-मांसाबरोबर मधही जैनांना वर्ज्य. तळहातावर पळीभर तीर्थ आलं की त्याला ते ना पिता येतं, ना टाकता येतं. त्याच्यासाठी आधीच साखर-खोबरं बाजूला काढून ठेवलं तर प्रश्न मिटतो. आपल्या देवाचा प्रसाद तो घेईल की नाही, हेही घराघरावर आहे. काही जण आनंदाने घेतात, काही नुसता नमस्कार करतात. नमस्कार केला तर तेवढ्यावर समाधान मानावं.

दुसरी फजिती आपल्या जिव्हाळ्यातून होते. "तुझा उपवास ना, मग साबुदाण्याची खिचडी केलीय!" त्यांच्या उपवासात फराळ नसतो. त्या दिवशी अन्न नाही, काही जण उकळलेलं पाणी तेवढं दिवसा घेतात आणि काही तेही घेत नाहीत. एकासन असेल तर दिवसातून एकदाच, एका बैठकीला जेवण. खिचडीतला बटाटा कंदमूळ म्हणून तसाही चालत नाही. कुंदा न्यावा म्हणाल, तर या दिवसांत काही जण दूध, तूप किंवा साखर सोडतात. मिठाई पर्व संपल्यावर न्यावी, आणि तीही दिवसाउजेडी. उलट बाजूही आहे: प्रत्येक जैन हे सगळं काटेकोर पाळतोच असं नाही. "अरे, तू जैन ना, मग चहा कसा घेतोस?" असली उलटतपासणी खिचडीच्या आग्रहाइतकीच वाईट.

क्षमावाणीला तो तुम्हाला "उत्तम क्षमा" म्हणाला, तर "अरे, तुझं काय चुकलंय?" असं विचारून त्याला कोड्यात टाकू नका. ही सगळ्यांनी सगळ्यांची मागायची क्षमा आहे. "उत्तम क्षमा, माझंही काही चुकलं असेल तर क्षमा असावी," एवढं उत्तर पुरे. त्याखाली फटाक्यांचे आणि केकचे इमोजी नकोत. त्याआधीच्या दहा दिवसांत काही म्हणायचंच असेल, तर "दशलक्षण पर्वाच्या शुभेच्छा" चालतं, आणि एरवी कधीही "जय जिनेंद्र" चालतं.

चुकीचा मेसेज गेलाच असेल, तर ग्रुपवर लांबलचक खुलासे करत बसू नका. त्याला एकट्याला लिहा, "सकाळचा मेसेज घाईत गेला. तुमची क्षमावाणी कधी आहे ते सांग, त्या दिवशी फोन करतो." आणि कॅलेंडरवर खूण करून त्या दिवशी खरंच फोन करा.