कव्हर रिजेक्ट झालं? आधी फॉर्म उघडा

गाण्यांच्या डिजिटल डिस्ट्रिब्युशनमध्ये रिव्ह्यूच्या टेबलावर मी बरीच वर्षं आहे. गायक किंवा लेबल आपलं गाणं, गाण्यासोबत दिसणारं चित्र म्हणजे कव्हर, आणि माहितीचा फॉर्म आमच्याकडे अपलोड करतं. आम्ही ते तपासून स्पॉटिफायसारख्या स्टोअर्सकडे पाठवतो आणि तिथे पुन्हा तपासणी होते. या वाटेत रिलीज अडतं तेव्हा पुष्कळदा ऑडिओ ठीक असतो, घोळ कव्हरमध्ये असतो. पहिल्यांदाच गाणं काढणाऱ्याला हे पटत नाही. 'चित्र तर छान आहे, साइजही बरोबर आहे, मग अडलं कुठे?' हा प्रश्न ठरलेला असतो.

साइजचं आधी उरकून घेऊ, कारण ते सोपं आहे. कव्हर चौकोनी हवं, लांबी-रुंदी अगदी समान, ३००० बाय ३००० पिक्सेल, आरजीबी रंगात, जेपीजी किंवा पीएनजी. काही स्टोअर्सना याहून लहान चित्र चालतं, काहींना मोठं आवडतं. पण एकच फाइल सगळीकडे जाणार असल्याने ३००० धरून चालावं. डीपीआय ७२ ठेवायचा की ३००, यावर लोक उगाच डोकं खपवतात. तो आकडा छपाईसाठी असतो, इथे फक्त पिक्सेल मोजले जातात.

साइज बरोबर असूनही फाइल परत येते ती साधारण दोन कारणांनी. एक म्हणजे फुगवलेलं चित्र. मेसेजिंग अॅपवरून आलेला फोटो हजारभर पिक्सेलचा असतो, तो ताणून ३००० केला की आकडा जुळतो पण तपशील कुठून येणार? फाइल शंभर टक्के झूमवर उघडा आणि अक्षरांच्या कडा बघा. कडेभोवती बारीक चौकटी किंवा धुरकट किनार दिसली, तर रिव्ह्यू करणाऱ्यालाही तीच दिसणार आहे. दुसरं कारण सीएमवायके. डिझायनर पोस्टर आणि कार्डं छापणारा असेल तर त्याची फाइल सवयीने छपाईच्या रंगांत सेव्ह होते. तुमच्या स्क्रीनवर ती नीट दिसू शकते, पण स्टोअरकडे रंग बिघडतात किंवा फाइल घेतलीच जात नाही. कॉम्प्युटरवर इमेजमॅजिक हा प्रोग्रॅम असेल तर टर्मिनलमध्ये एका ओळीत कळतं:

```
identify -format "%w x %h %[colorspace]\n" cover.jpg
```

उत्तरात `CMYK` आलं तर डिझायनरकडून मूळ फाइल आरजीबीमध्ये नव्याने एक्स्पोर्ट करून घ्या. तयार जेपीजी कसाबसा बदलला तर रंग मळकट येतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. रिव्ह्यू करणाऱ्याच्या स्क्रीनवर कव्हर एकटं नसतं. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला तुम्ही भरलेला फॉर्म, म्हणजे मेटाडेटा. चित्र सुंदर आहे का, हे तिथे कोणी बघत नाही. चित्रावर जे लिहिलंय ते फॉर्ममध्ये आहे का, एवढंच बघितलं जातं.

एक उदाहरण घेतो, माझ्याकडे येणाऱ्या फायलींच्या ठरावीक नमुन्यावरून रचलेलं. एक सिंगल आलं. कव्हरवर गाण्याचं नाव, त्याखाली छोट्या अक्षरात 'अनप्लग्ड', मग दोन गायकांची नावं सारख्याच आकारात. तळाशी रिलीजची तारीख, 'आता सर्वत्र उपलब्ध', चार स्टोअर्सचे लोगो आणि गायकाचं सोशल मीडियावरचं हँडल. फॉर्ममध्ये मात्र गाण्याचं नुसतं नाव. व्हर्जनची जागा रिकामी. मुख्य कलाकार एकच, आणि दुसरी गायिका खाली क्रेडिट्समध्ये 'व्होकल्स' म्हणून.

रिजेक्शनचा मेल गेला: कव्हरवरचा मजकूर मेटाडेटाशी जुळत नाही. गायकाने तो वाचला, स्पेलिंग तपासलं, गाण्याच्या नावात एक अक्षर कमी होतं ते घातलं आणि फाइल पुन्हा पाठवली. पुन्हा रिजेक्ट. या वेळचं कारण वेगळं: कव्हरवर लोगो आणि सोशल मीडिया हँडल आहे. आता तो चिडला, 'हे पहिल्यांदाच का नाही सांगितलं?'

चिडणं रास्त आहे, पण आतलं काम कसं चालतं ते ऐका. रिव्ह्यू करणारा समोरच्या यादीतून कारण निवडतो. पुष्कळदा पहिली ठळक चूक दिसली की तो तेच कारण टाकून पुढच्या रिलीजकडे वळतो, कारण रांग मोठी असते. म्हणजे मेलमध्ये आलेलं कारण ही चुकांची पूर्ण यादी आहे असं धरू नका. आणि दुरुस्त केलेलं रिलीज बहुतेक ठिकाणी पुन्हा रांगेच्या शेवटी जातं. एकेक चूक सुधारून पाठवत बसलात तर दर वेळी तेवढे दिवस जातात.

याचा फटका कुठे बसतो तेही सांगतो. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं प्लेलिस्टसाठी सुचवायचं असेल तर ते लाइव्ह होण्याआधीच सुचवावं लागतं. फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये, म्हणजे नव्या गाण्यांच्या आपोआप बनणाऱ्या प्लेलिस्टमध्ये, गाणं नक्की यायला हवं असेल तर किमान सात दिवस आधी. आणि सुचवायला गाणं त्यांच्याकडे पोचलेलं तरी हवं ना! रिलीजला दहा दिवस असताना कव्हर दोनदा परत आलं की ती संधी हातची गेलीच म्हणायची.

तर या कव्हरचं करायचं काय? तळाचा सगळा पट्टा आधी काढून टाकायचा. हा पट्टा पोस्टरसाठी असतो आणि नवखे लोक पोस्टरच कापून चौकोनी करून कव्हर म्हणून देतात. स्टोअर्सना त्यावर एवढा आक्षेप का, ते कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. एका स्टोअरच्या पानावर दुसऱ्या स्टोअरचा लोगो कोण ठेवून घेईल? हँडल, वेबसाइट, फोन नंबर, क्यूआर कोड, किंमत ही सगळी जाहिरात झाली. तारीख आणि 'नवीन' हा शब्द काही दिवसांतच खोटा ठरतो, कव्हर मात्र वर्षानुवर्षं राहतं. 'सीडी'सारखा उल्लेख स्ट्रीमिंगवर निरर्थक आहे. थोडक्यात, श्रोत्याला दुसरीकडे नेणारं किंवा दिशाभूल करणारं काहीही चित्रावर नको.

'अनप्लग्ड'चं उत्तर चित्रात नसून फॉर्ममध्ये आहे. गाणं खरोखर अनप्लग्ड असेल तर व्हर्जनच्या जागी तो शब्द भरायचा. चित्राला हात लावायची गरज नाही. डिझायनरने आपल्या मनाने शोभेला टाकला असेल तर चित्रातून काढायचा. रिमिक्स, लाइव्ह, अकूस्टिक यांचंही असंच.

दोन नावांचा प्रश्न सगळ्यात नाजूक. इथे लोक घाईने दुसरं नाव कव्हरवरून पुसतात आणि मोकळे होतात. मला ते बरोबर वाटत नाही. ती गायिका गाण्यात बरोबरीने गायली असेल तर चुकलेला आहे तो फॉर्म. तिला मुख्य कलाकार किंवा फीचर्ड आर्टिस्ट म्हणून नोंदवा. पण त्याने नुसतं नाव वाढत नाही, गाणं तिच्या स्वतःच्या कलाकार-पानावरही दिसू लागतं. म्हणून तिची संमती आधी घ्या, लेखी असेल तर उत्तम. आणि तिचं आधीचं पान असेल तर त्याची लिंक फॉर्ममध्ये द्या, नाहीतर त्याच नावाच्या भलत्याच कोणाच्या पानावर गाणं जाऊन बसतं. स्टोअर्स या नावांबाबत कडक आहेत ते उगाच नाही. मोठ्या कलाकाराचं नाव कव्हरवर टाकून श्रोते ओढण्याची युक्ती जुनी आहे आणि रिव्ह्यू करणारा प्रत्येक जादा नावाकडे त्याच संशयाने बघतो. संगीतकार, गीतकार, डिझायनर यांची नावं कव्हरवर न टाकलेलीच बरी. त्यांची जागा क्रेडिट्समध्ये आहे.

काळी-पांढरी 'पॅरेंटल अॅडव्हायजरी' पट्टीही याच चालीत बसते. ती कव्हरवर असेल तर निदान एक तरी ट्रॅक फॉर्ममध्ये एक्सप्लिसिट म्हणून नोंदलेला हवा. शिवी नाही, काही नाही, नुसती रॅपच्या कव्हरला शोभते म्हणून चिकटवलेली पट्टी मी कितीदा परत पाठवलीये! उलट बाजूने मात्र सक्ती नसते. ट्रॅक एक्सप्लिसिट नोंदवला आणि कव्हरवर पट्टी नसली तरी चालतं, कारण स्टोअर आपली 'ई'ची खूण स्वतः लावतं.

जुळणीशी संबंध नसलेलं एक कारण मात्र वेगळं समजून घ्या, ते म्हणजे चित्राची मालकी. सिनेमातली फ्रेम, नटनटीचा फोटो, कपड्यावर ठळक दिसणारा ब्रँडचा लोगो, इंटरनेटवरून उचललेलं चित्र हे सगळं अडतं. रिव्ह्यू करणारा इमेज सर्च करतो आणि मूळ चित्र काही सेकंदांत सापडतं. फोटोग्राफरने काढून दिलेला फोटो असेल तर कव्हर म्हणून वापरायची परवानगी साध्या ईमेलवर मागून ठेवा. 'हा फोटो तुमचा आहे का?' असा प्रश्न आला की तेच उत्तर म्हणून जोडता येतं. स्टॉक फोटो विकत घेतला असेल तर पावती आणि लायसन्स दोन्ही जपा. मोफत स्टॉक फोटोंबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. वापर कायदेशीर असतो, पण तोच फोटो आणखी कोणाच्या तरी कव्हरवर आधीच असतो, आणि मग दोन वेगळ्या कलाकारांची रिलीजं एकसारखी दिसतात म्हणून विचारणा होते.

नग्नता, द्वेषाची चिन्हं, रक्तबंबाळ दृश्यं यांवर स्टोअर्सचे नियम सारखे नाहीत. आम्ही त्यातला सगळ्यात कडक नियम धरतो, कारण एकच कव्हर सगळीकडे जातं. म्हणून 'अमुक स्टोअरवर असंच एक कव्हर आहे की' हा युक्तिवाद आमच्याकडे चालत नाही.

आणि आमच्याकडून पास झालं म्हणजे संपलं असंही नाही. स्टोअर आपल्या तपासणीत अडवू शकतं, लाइव्ह झाल्यावर काढूही शकतं. अशा वेळी डिस्ट्रिब्युटर तुम्हाला कळवतो, तुम्ही सुधारलेलं कव्हर त्याच रिलीजमध्ये बदलायचं. घाबरून रिलीज डिलीट करून नवं बनवू नका. नव्या रिलीजला नवा यूपीसी, म्हणजे रिलीजचा ओळख-कोड लागतो, आणि रेकॉर्डिंगचा कोड म्हणजे आयएसआरसी जुनाच भरायला विसरलात तर आधीचे प्ले नव्या गाण्याला जोडले जात नाहीत. कव्हर बदलल्याने यापैकी कुठलाच कोड बदलत नाही. फक्त बदललेलं कव्हरही पुन्हा रिव्ह्यूमधून जातं, आणि काही ठिकाणी जुनं चित्र थोडे दिवस दिसत राहतं.