गाईने अचानक दूध कमी केलं? डॉक्टरांना पत्र लिहिताना या चुका टाळा

शेजारच्या गोठ्यातून सप्टेंबरात दवाखान्यात जायला निघालेली चिठ्ठी अशी होती: "माझी गाय आटली आहे. दगडी झाली असावी. तरी साहेबांनी त्वरित येऊन इलाज करावा, ही विनंती." पोरगा गाडीला किक मारत होता, तेवढ्यात मी ती वाचली आणि त्याला थांबवलं.

पहिली चूक 'आटली' या शब्दात आहे. गाभण गाय वेताच्या शेवटी आटते, ते ठरलेलंच असतं. ही गाय तर व्यायल्याला २३ दिवस झाले होते, म्हणजे दूध चढायचे दिवस. नुसतं 'आटली' वाचलं तर कुणालाही तिची घाई वाटणार नाही. म्हणून व्यायल्याची तारीख आणि कितवं वेत, हे पहिल्याच ओळीत हवं.

दुसरी चूक रोगाचं नाव आपणच ठरवून टाकायची. दगडीत बहुधा एखादं-दुसरं सड सुजतं, गरम लागतं, धारेत गाठी किंवा पाणी येतं. इथे कास मऊ होती आणि चारही सडांचं दूध सारखंच उतरलं होतं. मी विचारलं, "खाते का?" तर शेजारी म्हणाला, "कडबा खाते की. पेंडीला मात्र दोन दिवस तोंड लावत नाही." पत्रात लिहायची गोष्ट ही होती, आणि तीच राहिली होती.

तिसरी चूक आकड्यांची. 'निम्म्यावर आली' हे त्याने डेअरीच्या पावतीवरून सांगितलं. पण पावतीत घरी ठेवलेलं आणि वासराला पाजलेलं दूध धरलेलं नसतं. त्याचं रोज २ लिटर घरी राहायचं. ते धरून १८ वरून १० लिटर झालं होतं. पावतीचा खरा उपयोग दुसरीकडे होता. दूध उतरत असताना फॅट ३.६ वरून ४.९ वर गेलं होतं. हा बिचारा त्यावर खूश होता! ताज्या व्यायलेल्या गाईचं पोट दुधाच्या मानाने भरलं नाही, की ती अंगावरची चरबी जाळते. त्यातली काही दुधात उतरते आणि फॅट वाढतं. अर्थात कॅनमध्ये एकाच गाईचं दूध असेल तरच हा आकडा त्या गाईचा. चार गाईंचं एकत्र घालत असाल तर त्यावरून काही कळायचं नाही.

चौथी चूक लपवण्याची. आदल्या रात्री त्याने मेडिकलमधून ट्यूब आणून एका सडात सोडली होती. "साहेब रागावतील" म्हणून लिहिली नव्हती. रागावू देत. ट्यूबचं नाव लिहा, रिकामं खोकं जपून ठेवा, आणि त्यावर दिलेली मुदत संपेपर्यंत ते दूध डेअरीला घालू नका.

मग थर्मामीटर गुदद्वारात लावून ताप बघितला आणि पत्र पुन्हा लिहिलं:

प्रति,
मा. पशुधन विकास अधिकारी,
पशुवैद्यकीय दवाखाना

दि. ४ सप्टेंबर

विषय: ताज्या व्यायलेल्या गाईचे दूध अचानक कमी झाल्याबाबत

महोदय,
माझी संकरित एचएफ गाय १२ ऑगस्टला तिसऱ्यांदा व्यायली. जार त्याच दिवशी पडली. ३१ ऑगस्टपर्यंत दिवसाला १८ लिटर दूध होते. १ तारखेला १५, २ ला १२, ३ ला १० लिटर (घरचे धरून). फॅट ३.६ वरून ४.९ झाले. दोन दिवस पेंड खात नाही, कडबा खाते. रवंथ कमी आहे, शेण घट्ट आहे. तोंडाला गोडसर वास येतो. चारही सडांत सूज किंवा गाठी नाहीत. आज सकाळी ७ वाजता ताप १०१.४ होता. काल रात्री एका सडात ट्यूब सोडली, खोके सोबत पाठवतो. आजचे दूध डेअरीला घातलेले नाही. वैरणीत बदल केलेला नाही. कानातल्या बिल्ल्याचा नंबर व माझा मोबाईल खाली लिहिला आहे.
आपला विश्वासू

गोडसर वास म्हणजे जास्त पिकलेल्या फळासारखा. तो सगळ्यांच्या नाकाला कळत नाही, त्यामुळे आला नाही तर ओढूनताणून लिहू नये.

दुपारी डॉक्टर आले ते लघवी तपासायची पट्टी घेऊनच. पट्टीचा रंग बदलला: किटोसिस, म्हणजे अंगावरची चरबी जास्त जळून होणारा आजार. शिरेतून ग्लुकोज दिलं, पुढचे काही दिवस तोंडावाटे पाजायचं औषध लिहून दिलं आणि ट्यूब बंद करायला सांगितली. तिसऱ्या दिवशी गाय पेंडीला लागली. आठवड्याने १६ लिटरवर आली.

गाय उठतच नसेल, पोट फुगलं असेल, अंग तापलं असेल किंवा धारेत रक्त दिसत असेल, तर मात्र पत्र लिहीत बसू नका. दवाखान्यात नाहीतर १९६२ वर फोन लावा आणि हीच माहिती तोंडी सांगा.