मोठ्या बाईंच्या परिपत्रकाची सूचना करताना या चुका टाळा

शाळेच्या ऑफिसात नवीन आलेल्या प्रत्येकाला वाटतं, परिच्छेदाची मुद्देसूद सूचना करायची म्हणजे पूर्णविराम दिसला की एंटर मारायचा आणि पुढे आकडा टाकायचा. पाच मिनिटांत काम होतं हे खरं, पण मग दोन दिवस फोन घेत बसावं लागतं.

दादरच्या आमच्या शाळेतलंच उदाहरण घ्या. दहावीच्या बोर्डाच्या अर्जांची प्री-लिस्ट आली आणि मोठ्या बाईंनी लिहून दिलं:

"सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, दहावीची प्री-लिस्ट प्राप्त झाली असून विद्यार्थ्यांनी नाव, आईचे नाव, जन्मतारीख व विषय तपासून सही करावी. मात्र चूक आढळल्यास सही न करता वर्गशिक्षकांना दाखवावी व पालकांनी जन्मदाखल्याची प्रत घेऊन शनिवारी कार्यालयात यावे. वर्गशिक्षकांनी याद्या जनरल रजिस्टरशी ताडून सोमवारपर्यंत जमा कराव्यात."

नवीन सहकाऱ्याने याचे झटपट चार मुद्दे पाडले. तिसरा मुद्दा होता, "पालकांनी जन्मदाखल्याची प्रत घेऊन शनिवारी कार्यालयात यावे." मूळ वाक्यातलं "चूक आढळल्यास" दुसऱ्या मुद्द्यातच राहिलं. सूचना पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली आणि शनिवारी सकाळी जिन्यापासून गेटपर्यंत रांग लागली. कोणी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेलं, कोणी घरकामाचा खाडा करून. दुरुस्ती मोजक्याच मुलांची होती. बाकीच्यांना "तुम्ही जाऊ शकता" हे सांगण्यातच सकाळ गेली, आणि ऐकून कोण कोण काय काय बोललं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

म्हणून अट असलेलं वाक्य कधीही मधून तोडायचं नाही. "आढळल्यास", "नसल्यास", "ज्यांनी अद्याप", "मात्र", "वगळून" हे शब्द मी आधी लाल पेनाने गोल करते. ती अट ज्या ज्या कामाला लागू आहे त्या प्रत्येक मुद्द्यात पुन्हा लिहायची. दोनदा लिहिल्याने सूचना लांबते म्हणून नाकं मुरडणारे असतात. त्यांना एकदा त्या रांगेसमोर उभं करायला हवं.

दुसरी चूक "सर्व संबंधितांना" तसंच ठेवण्याची. वरच्या परिच्छेदात विद्यार्थी, पालक आणि वर्गशिक्षक अशा तिघांना कामं सांगितली आहेत. प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारायची आणि विचारायचं, हे कोणी करायचं? तपासावी, सही करावी, दाखवावी: विद्यार्थी. यावे: पालक, तेही काहीच. ताडून जमा कराव्यात: वर्गशिक्षक. म्हणजे सूचना दोन झाल्या. शिक्षकांची सूचना वहीतून शिपाईमामांबरोबर फिरेल, जनरल रजिस्टरचं काम पालकांच्या ग्रुपवर टाकायचं कारण नाही. पालकांकडे जाणारी अशी:

विषय: दहावीच्या प्री-लिस्टची तपासणी व दुरुस्ती

कोणासाठी: दहावीचे सर्व विद्यार्थी व त्यांचे पालक

काय करायचे:
१. सर्व विद्यार्थ्यांनी प्री-लिस्टमधील नाव, आईचे नाव, जन्मतारीख व विषय तपासावेत.
२. सर्व बरोबर असल्यास सही करावी. पालकांनी येण्याची गरज नाही.
३. चूक आढळल्यास सही करू नये, वर्गशिक्षकांना दाखवावी.
४. फक्त चूक आढळलेल्या विद्यार्थ्यांच्या पालकांनी जन्मदाखल्याची प्रत घेऊन शुक्रवार, ५ डिसेंबर रोजी सकाळी ८ ते ११ या वेळेत कार्यालयात यावे.

शनिवारचा शुक्रवार कसा झाला? "शनिवारी" एवढंच कधी ठेवायचं नाही, कॅलेंडर काढून तारीख घालायची. वरची सूचना मी त्या रांगेच्या नंतरच्या एका वर्षी, तोच परिच्छेद पुन्हा आला तेव्हा केली, आणि त्या वर्षी तो शनिवार निघाला ६ डिसेंबर, महापरिनिर्वाण दिन. त्या दिवशी चैत्यभूमीच्या गर्दीतून पालकांनी दादरला यायचं कसं? मोठ्या बाईंना तारीख दाखवली, त्यांनी लगेच बदलली. वेळही त्यांना विचारूनच घातली, आणि "गरज नाही" हे वाक्यसुद्धा. परिच्छेदात नसलेली गोष्ट मनाने भरायची नाही. गाळलेल्या जागी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करायचं आणि केबिनमध्ये जायचं. विचारायला लाज वाटते म्हणून "कार्यालयीन वेळेत" असं ठोकून देणारे मी पाहिलेत. दोन सत्रांच्या शाळेत त्याचा अर्थ सकाळी सात ते संध्याकाळी सहा असा काहीही घेतला जातो.

बाकीच्या किरकोळ. विषयात "महत्त्वाची सूचना" लिहू नका, तो विषय नव्हे. "कळविण्यात येते की" काढून टाका. एका मुद्द्यात एकच काम. दहावर मुद्दे गेले तर बहुधा दोन सूचना एकत्र झाल्यात.

आणि सही मुद्देसूद सूचनेवरच घ्या. परिच्छेदावर सही आहे म्हणून टाइप केलेलं थेट पाठवू नका. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून मोठ्या बाईंसमोर नेते, सही झाली की जावक क्रमांक घालते आणि मूळ परिच्छेद त्याच फाइलला मागे टाचते.